तलावपाळीच्या फोटोत कंदिलांची माळ: झोळ, उजेड आणि पाण्यातलं प्रतिबिंब

दिवाळी जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्या आणि मंडळं निमंत्रणासाठी तलावपाळीचा, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाचा, संध्याकाळचा एखादा फोटो निवडतात आणि त्यावर कंदिलांची माळ चढवतात. ती बहुतेक वेळा चिकटवलेली दिसते. दोष कंदिलाच्या चित्रात क्वचितच असतो. माळेचा झोळ फोटोच्या मधोमध घेतलेला असतो, प्रत्येक कंदिलाभोवती सारखाच पिवळा धूर असतो आणि पाण्यात अख्खी माळ काठाच्या रेषेवरून उलटी करून ठेवलेली असते. आकाशातली चूक एक वेळ खपते, पाण्यातली खपत नाही. मासुंदा तलावाचं पाणी फोटोचा अर्धा भाग व्यापतं आणि तिथे रस्त्यावरच्या दिव्यांची खरी प्रतिबिंबं शेजारीच असतात.

म्हणून हा लेख एकाच उदाहरणावर चालतो: पाण्यावरून तिरकी गेलेली पंधरा कागदी कंदिलांची माळ. काम `GIMP` मध्ये करायचं आहे, २.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती चालेल. फोटोशॉप वापरणाऱ्यांना मेन्यू वेगळे दिसतील, पण मोजमाप आणि क्रम तोच राहील.

## १. फोटो निवडणं

दुपारचा फोटो काळा करून त्याची रात्र करू नका. सावल्या एका बाजूला पडलेल्या राहतात आणि कंदिलांच्या उजेडाशी त्या भांडतात. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं उत्तम. तेव्हा आकाश निळं असतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि झाडांचे आकार अजून ओळखू येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वासहाला कठड्यापाशी उभं राहायचं.

फोन किंवा कॅमेरा वर-खाली न कलता सरळ समोर धरा. कलला की खांब वरच्या किंवा खालच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात आणि पुढचं सगळं मोजमाप बिघडतं. आभाळ जास्त हवं असेल तर मागे सरका किंवा नंतर कापा.

फोटोत पाण्यावर पडलेलं किमान एका खऱ्या दिव्याचं प्रतिबिंब असायलाच हवं. या कामात तोच तुमचा साक्षीदार आहे. प्रतिबिंब किती लांब ओढलं जातं, किती तुटतं, मूळ दिव्यापेक्षा किती मंद असतं, हे सगळं तो सांगतो.

तपासा: फोटोतले दोन-तीन दिव्यांचे खांब आणि इमारतींचे कोपरे उभे आहेत का? नसतील तर आधी `Perspective` साधनानं सरळ करा, मगच पुढे जा.

## २. कंदिलाचा फोटो वेगळा काढणं

बाल्कनीत टांगलेल्या कंदिलाचा फोटो बहुतेक जण खालून, मान वर करून काढतात. त्यात कंदिलाचं बूड मोठं आणि डोकं लहान दिसतं. आपल्या माळेतले कंदील मात्र सतरा ते तेहतीस मीटरवर असणार आहेत. इतक्या अंतरावरून पाच मीटर उंचीवरचा कंदीलही जवळजवळ समोरूनच दिसतो. तेव्हा कंदील डोळ्यांच्या पातळीवर टांगा, तीन-चार मीटर मागे जा आणि झूम करून फोटो घ्या.

फोटो आतला दिवा लावून, संध्याकाळच्याच वेळी काढा. एक्स्पोजर इतकं कमी ठेवा की कागदाचा रंग आणि आतल्या काड्या दिसतील. पेटलेला कंदील सगळीकडे सारखा उजळत नाही. दिव्याच्या समोरचा कागद फिकट, जवळजवळ पांढरट असतो आणि कडांकडे रंग गडद होत जातो. विझलेल्या कंदिलाचा फोटो नंतर नुसता उजळला तर हा फरक मिळत नाही. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तलावाचा आणि कंदिलाचा फोटो एकाच व्हाइट बॅलन्सवर घ्या. ऑटोवर ठेवलं तर फोन कंदिलाचा केशरीपणा स्वतःच काढून टाकतो.

खालच्या झिरमिळ्यांसकट कंदील नीट कापून पारदर्शक पार्श्वभूमीवर ठेवा. झिरमिळ्यांच्या कडेला जुन्या भिंतीचा रंग राहिला तर तो रात्रीच्या आकाशावर पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. कापलेली कड एक पिक्सेल आत घ्या.

## ३. टोकं आणि पाया मोजणं

फोटो उघडून आधी `Image > Precision` मध्ये `32-bit floating point` आणि `Linear light` निवडा. उजेडाची बेरीज खऱ्यासारखी व्हायची तर हे हवंच. ते सुरुवातीलाच करून टाका.

आता उदाहरण. फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे. आकडे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजायचे, म्हणजे खाली जाल तसा दुसरा आकडा वाढतो. डावीकडे जवळचा खांब आहे आणि उजवीकडे दूरचा. दोन्ही खांबांवर माळ पाण्यापासून पाच मीटर उंचीवर बांधायची आहे.

डावं टोक ६००, १३०० वर येतं आणि त्याच्या बरोबर खाली पाण्याची पातळी ६००, २५०० वर. उजवं टोक ५२००, १६०० वर आणि त्याखालची पाण्याची पातळी ५२००, २२०० वर. पाण्याच्या या बिंदूला आपण पाया म्हणू.

सावधान: पाया म्हणजे खांब जिथे फुटपाथला टेकतो ती जागा नव्हे. फुटपाथ पाण्यापेक्षा उंच असतो. खांबाची रेषा भिंतीवरून खाली ओढून, खांब थेट पाण्यातच उभा असता तर कुठे टेकला असता, तो बिंदू धरायचा. पुढे प्रतिबिंब चुकण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे.

दोन्ही टोकांची उंची खरोखर सारखी धरली गेली का, हे क्षितिजरेषा सांगते. तलावाच्या पलीकडे इमारती असल्यानं ती थेट दिसत नाही. कठड्याच्या वरच्या आणि खालच्या कडा दूरवर लांबवा, त्या जिथे एकमेकींना मिळतात त्या उंचीवर क्षितिज असतं. आपल्या फोटोत ते १९०० वर आहे. सारख्या उंचीचे खांब क्षितिजरेषा एकाच प्रमाणात कापते. डावा खांब १३०० ते २५००, त्याचा मध्य १९००. उजवा १६०० ते २२००, त्याचाही मध्य १९००. जुळलं.

तपासा: एक खांब अर्ध्यात आणि दुसरा दोन-तृतीयांशावर कापला जात असेल, तर एक टोक उंच बांधलं आहे किंवा पाया चुकला आहे. उंची मुद्दाम वेगळी ठेवली असेल तरच पुढे जा.

## ४. झोळ

तलावावरून तिरक्या गेलेल्या माळेचा मधला बिंदू फोटोत मधोमध नसतो. आपल्या दोन टोकांचा फोटोतला मध्य २९०० वर येतो, पण माळेचा खरा मध्य तिथून बराच उजवीकडे आहे, कारण दूरचा अर्धा भाग फोटोत आखडलेला दिसतो. तिथे झोळ न घेता २९०० वर घेतला, तर माळ पाण्यावरून जाताना दिसतच नाही. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर ती आडवी ताणल्यासारखी वाटते.

खरा मध्य शोधायला गणित लागत नाही. मदतीसाठी एक रिकामा थर घ्या. डाव्या टोकापासून उजव्या पायापर्यंत एक सरळ रेघ मारा, डाव्या पायापासून उजव्या टोकापर्यंत दुसरी. `Pencil` घेऊन पहिल्या बिंदूवर क्लिक करा आणि `Shift` दाबून दुसऱ्यावर. या दोन तिरक्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथून जाणारी उभी रेघ म्हणजे खरा मध्य. आपल्याकडे ती ३६६७ वर येते. फोटोतल्या मध्यापेक्षा साडेसातशेहून जास्त पिक्सेल उजवीकडे.

आता मध्यावर एक काल्पनिक खांब उभा करा. दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ इथे १५०० वर आहे आणि दोन पायांना जोडणारी २३०० वर. म्हणजे इथे पाच मीटर म्हणजे ८०० पिक्सेल.

झोळ किती घ्यायचा? आपली माळ प्रत्यक्षात तेहतीस मीटरच्या आसपास लांब आहे. कागदी कंदील लावलेल्या माळेला लांबीच्या विसाव्या हिश्शाइतका झोळ शोभतो. म्हणजे सुमारे एक मीटर पासष्ट सेंटिमीटर, खांबाच्या उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ८०० चा तिसरा हिस्सा २६७. म्हणून माळेचा मध्य ३६६७, १७६७ वर.

तीच तिरक्या रेघांची युक्ती डाव्या अर्ध्यात केली की पहिला पाव भाग २४४० वर मिळतो, उजव्या अर्ध्यात केली की तिसरा पाव ४५४३ वर. पाव भागावर झोळ मध्याच्या पाऊणपट असतो. मध्यावर तो उंचीचा तिसरा हिस्सा होता, म्हणजे पाव भागावर त्या जागच्या उंचीचा चौथा हिस्सा. २४४० वर खांबाची उंची ९६० पिक्सेल भरते, म्हणून माळ सरळ रेघेच्या २४० खाली, १६६० वर. ४५४३ वर उंची ६८६ आहे, म्हणून १७१ खाली, १७२८ वर.

पाच बिंदू मिळाले: डावं टोक १३००, मग १६६०, १७६७, १७२८ आणि उजवं टोक १६००. `Paths` साधनानं त्यांतून एक सलग वक्र काढा. बिंदू हलवायचे नाहीत, फक्त वळणाच्या दांड्या सावकाश ओढायच्या. हा वक्र दोन्ही बाजूंना सारखा नसतो. डावीकडून तो लांबवर उतरत येतो आणि उजवीकडे चटकन वर चढतो. तो तसाच हवा. डोळ्याला सवय नसल्यानं बरेच जण इथे तो नीट करायला जातात आणि मोजून काढलेला झोळ घालवतात.

टोकांची उंची वेगळी असेल तरी कृती हीच. झोळ नेहमी टोकं जोडणाऱ्या सरळ रेघेपासून खाली मोजायचा. सर्वात खालचा बिंदू आपोआप उतरत्या टोकाकडे सरकतो.

तार काढताना `Edit > Stroke Path` मध्ये दोन पिक्सेलची रेघ पुरे. डाव्या टोकाला एक मीटर म्हणजे २४० पिक्सेल आहेत, तेव्हा सेंटिमीटरभर जाडीची तार तिथे सव्वादोन-अडीच पिक्सेलची भरेल आणि उजवीकडे जेमतेम सव्वा. तारेचा रंग काळा घेऊ नका, फोटोतल्या झाडाच्या सर्वात गडद सावलीतून उचला. उजव्या टोकाकडे ती मास्कनं थोडी विरळ करा.

## ५. कंदील टांगणं

पाव भागांचे पुन्हा अर्धे आणि त्यांचेही अर्धे केले की माळेचे सोळा भाग होतात आणि मधले पंधरा बिंदू मिळतात. प्रत्यक्षात हे कंदील दोन-दोन मीटरवर आले. फोटोत मात्र डावीकडे लांब-लांब आणि उजवीकडे दाटत गेलेले दिसतील.

आकार त्या जागच्या खांबाच्या उंचीवरून ठरवा. चाळीस सेंटिमीटरचा कंदील डाव्या टोकाशी ९६ पिक्सेल, मध्यावर ६४ आणि उजव्या टोकाशी ४८ पिक्सेल रुंद. मधल्यांचा आकार या तिघांच्या दरम्यान. अंदाजानं लहान-मोठे केले तर एखादा कंदील माळेतून पुढे आल्यासारखा वाटतो.

कंदील ओळंब्यात लटकतो. तार तिरकी असली तरी त्याची दोरी सरळ खालीच येते. ब्रश किंवा पाथवरून कंदील पसरवले तर बऱ्याचदा ते तारेच्या उतारासोबत कलतात आणि सगळी माळ डाव्या टोकाशी आडवी झाल्यासारखी दिसते. वारा दाखवायचाच असेल तर सगळे एकाच दिशेला, दोन-तीन अंशांनी कलवा आणि झिरमिळ्या थोड्या जास्त. फोटोतली पानं स्थिर असतील तर तेही नको.

एकच चित्र पंधरा वेळा वापरलं की डोळा ते पकडतो. काही कंदील उभ्या अक्षाभोवती उलटे करा, एक-दोन थोडे मंद ठेवा.

सगळे कंदील एका थरात आणा, थर फोटोएवढ्याच आकाराचा ठेवा. समोरच्या झाडाची फांदी, दिव्याचा खांब, असं जे काही माळेच्या पुढे आहे ते लेयर मास्कनं माळेवर आणा आणि मास्क `Apply Layer Mask` करून पक्का करा. उजेड घालण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण पुढे कळेल.

## ६. प्रतिबिंब

उजेडाआधी प्रतिबिंब करायचं. कंदिलाभोवतीचं वलय लेन्समध्ये तयार होतं, हवेत नसतं. त्यामुळे वलयासकट माळ उलटी करून पाण्यात ठेवली की पाणी धुरकट दिसतं.

स्थिर पाण्यात कंदिलाचं प्रतिबिंब त्याच्या पायापासून तितकंच खाली असतं, जितका कंदील पायाच्या वर असतो. पायाचा आकडा दुप्पट करा आणि त्यातून कंदिलाचा आकडा वजा करा. डाव्या टोकाचा पाया २५००, टोक १३००, म्हणून प्रतिबिंब ३७०० वर. मध्याचा पाया २३००, माळ १७६७, म्हणून २८३३. उजव्या टोकाचा पाया २२००, टोक १६००, म्हणून २८००.

नेहमीची चूक इथे होते. सगळी माळ समोरच्या काठाच्या रेषेवरून उलटी केली जाते. आपल्या फोटोत समोरचा काठ २१५० वर धरला, तर डाव्या टोकाचं प्रतिबिंब ३००० वर जाईल. खऱ्या जागेपेक्षा सातशे पिक्सेल वर. प्रत्येक कंदिलाखालचं पाणी वेगळ्या अंतरावर आहे, म्हणून प्रत्येकाचा पाया वेगळा.

तरी पंधरा कंदील एकेक करून उलटे करायची गरज नाही. सगळे पाये एका सरळ रेघेवर आहेत, म्हणून तीन कृतींत काम होतं. कंदिलांच्या थराची प्रत घ्या आणि `Flip` नं ती वर-खाली उलटी करा. मग `Shear` साधनानं उभ्या दिशेनं इतकी तिरकी करा की उजवं टोक डाव्याच्या मानानं ६०० पिक्सेल वर सरकेल. शेवटी `Move` नं पूर्ण थर खाली-वर नेऊन डावं टोक ३७०० वर आणि उजवं २८०० वर बसवा. तिरकं करताना उभ्या रेषा उभ्याच राहतात, त्यामुळे कंदील कलत नाहीत.

तपासा: दोन टोकं बसवल्यावर माळेचा मध्य आपोआप ३६६७, २८३३ वर यायला हवा. आला नाही तर पायाचा एखादा बिंदू चुकला आहे. टप्पा ३ वर परत जा, थर ओढून-ताणून बसवू नका.

पाण्यातल्या माळेचा झोळ आता वर उचललेला दिसेल आणि डावीकडून तो खूप उंच चढत येईल. आकाशातल्या माळेची ती हुबेहूब उलट प्रत वाटणार नाही. बरोबर आहे ते.

आता पाण्याचा स्वभाव घाला. मासुंदा तलावात बोटी फिरतात, त्यामुळे पाणी आरशासारखं क्वचितच असतं. लहरींवर दिव्याचं प्रतिबिंब उभं ओढलं जातं, बघणाऱ्याच्या दिशेनं, आडवं पसरत नाही. `Filters > Blur > Linear Motion Blur` मध्ये कोन ९० ठेवा. लांबी स्वतः ठरवू नका. फोटोतल्या खऱ्या दिव्याचं प्रतिबिंब `Measure` नं मोजा आणि साधारण तेवढीच द्या.

मग ते तोडायला हवं. फोटोच्या थराची प्रत घ्या, रंग काढा, `Levels` नं उजळ-गडद फरक वाढवा आणि तीच प्रतिबिंबाच्या थराचा मास्क म्हणून वापरा. आता प्रतिबिंब पाण्यातल्या खऱ्या लहरींवरच तुटेल. तयार तरंगांचा इफेक्ट वापरला तर त्याच्या लहरी आणि फोटोतल्या लहरी वेगवेगळ्या चालतात आणि ते लगेच जाणवतं. मास्कमधून बोट, कठडा, पाण्यातली पानं वगळायला विसरू नका. जिथे पाणी नाही तिथे प्रतिबिंब नाही.

थराचा मोड `Addition` ठेवा, कारण पाण्यावर आधीच असलेल्या उजेडात हा उजेड मिसळतो, तो झाकत नाही. तारेचं प्रतिबिंब काढू नका, लहरींत ते हरवतं.

उरला प्रखरपणा. पाणी तिरप्या नजरेला जास्त परावर्तन करतं आणि सरळ खाली पाहिलं तर जेमतेम दोन टक्के. आपल्या फोटोत उजव्या, दूरच्या टोकाशी पाणी सुमारे पाव उजेड परत पाठवतं आणि डाव्या, जवळच्या टोकाशी दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून दूरचं प्रतिबिंब ठळक आणि जवळचं मंद असायला हवं. बहुतेक जण जवळचं म्हणून तेच ठळक करतात. मास्कवर उजवीकडून डावीकडे उतरती छटा देऊन डावं टोक स्पष्टपणे मंदावा. एकूण पातळीसाठी `Colors > Exposure` मध्ये उणे एकपासून सुरुवात करा आणि खऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबाशी ताडून पाहा.

रंगाची एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. कंदिलाचा गाभा फोटोत पांढरट असतो, कारण तिथे कॅमेऱ्याची मर्यादा संपलेली असते. प्रतिबिंब मंद असल्यानं त्यात ती संपत नाही. म्हणून पाण्यातला कंदील वरच्यापेक्षा जास्त केशरी दिसतो. शेजारच्या रस्त्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब पाहा, तिथे हेच दिसेल. प्रतिबिंबाचा थर किंचित केशरीकडे झुकवा. पाण्यात पांढरे ठिपके राहिले तर बाकीचं सगळं अचूक असूनही ते खोटं वाटतं.

## ७. उजेड

कंदिलांच्या थराच्या तीन प्रती घ्या, तिन्हींचा मोड `Addition`. `Gaussian Blur` पहिलीला १५, दुसरीला ६०, तिसरीला २०० पिक्सेल. अपारदर्शकता अनुक्रमे ४०, २० आणि ८ टक्क्यांपासून सुरू करा. एकाच मोठ्या ब्लरनं कंदिलाभोवती धूर दिसतो. खरं वलय कडेशी दाट असतं आणि झपाट्यानं विरळ होत दूरवर जेमतेम जाणवतं. तीन थर एकत्र आले की ते तसं होतं.

टप्पा ५ मध्ये मास्क पक्का करायला सांगितला, तो यासाठी. फांदीमागे झाकलेल्या कंदिलाचा उजेड लेन्समध्ये पोचतच नाही, म्हणून त्याच्या झाकलेल्या भागाचं वलयही नसावं. उघड्या भागाचं वलय मात्र फांदीवरही पसरतं. मास्क आधी लावून नंतर ब्लर केलं की दोन्ही बरोबर होतं. उलट क्रमानं केलं तर वलय फांदीच्या कडेवर कात्रीनं कापल्यासारखं थांबतं.

वलय झालं, आता कंदिलाचा उजेड वस्तूंवर पडायला हवा. त्यासाठी केशरी मऊ ब्रश फिरवू नका, त्यानं पानं, भिंत, खांब सगळ्यांवर एकच रंगाचा लेप बसतो. त्याऐवजी मूळ फोटोची प्रत घ्या, `Exposure` दोननं वाढवा, रंग उबदार करा आणि पूर्ण काळा मास्क लावा. कंदिलाजवळच्या पानांवर, खांबाच्या कंदिलाकडच्या बाजूवर, दोरीवर मास्क पांढऱ्या मऊ ब्रशनं हळूहळू उघडा. पानाचा हिरवा हिरवाच राहील, फक्त उजळेल.

उजेड किती लांब जातो याचं भान ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. कंदिलापासून अर्ध्या मीटरवरच्या पानावर जेवढा उजेड, त्याच्या सोळावा हिस्सा दोन मीटरवर. त्यामुळे पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर केशरी उजेड देऊ नका. माळ त्यांच्यापासून फार दूर आहे.

## ८. शेवटचे हात

तुमचे कंदील गुळगुळीत आहेत आणि संध्याकाळच्या फोटोत दाणे आहेत. शंभर टक्के आकारात फोटो मोठा करून आकाशातला दाणा पाहा आणि `Filters > Noise > RGB Noise` नं कंदील व प्रतिबिंब यांवर तेवढाच टाका. वलयांवर वेगळा दाणा नको, त्यांच्याखालचा फोटोचा दाणा दिसतोच.

मग पूर्ण फोटो आडवा उलटा करून पाहा. उलट्या फोटोत झोळाची आणि आकाराची चूक पटकन डोळ्यांत भरते. नंतर फोनवर पाठवून अंगठ्याएवढ्या आकारात पाहा. लहान आकारात आधी कंदील दिसायला हवेत, मग पाण्यातले उभे केशरी पट्टे. आधी धूर दिसला तर २०० पिक्सेलवाला थर अर्ध्यावर आणा. पट्टे कंदिलांपेक्षा आधी दिसले तर प्रतिबिंबाचं एक्स्पोजर आणखी अर्ध्यानं उतरवा.

मूळ फाइल `.xcf` म्हणून सगळ्या थरांसकट जपून ठेवा. बॅनर छापणारा रंग गडद आले असं हमखास म्हणतो, तेव्हा सपाट झालेली जेपीजी उजळली तर वलयं फाटतात. थर असले तर फक्त वलयांच्या तीन थरांची अपारदर्शकता वाढवून नवी प्रत देता येते.